छोट्या कॅफेसाठी पदार्थांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं पाच-दहा टेबलांच्या उपाहारगृहांसाठी आणि कॅफेंसाठी आहेत. अशा ठिकाणी मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि मेनूसाठी, इन्स्टाग्रामसाठी फोटोही त्यालाच काढावे लागतात. हातात एक बरा स्मार्टफोन आहे, दुकानात कुठून तरी दिवसाचा उजेड येतो आणि आचाऱ्याचं सहकार्य आहे, एवढंच गृहीत धरलं आहे. उदाहरण म्हणून मिसळ घेतली आहे. तेलकट तर्री, मऊ पडणारं फरसाण, वाफ आणि स्टीलची डिश या सगळ्या अडचणी तिच्यात एकत्र येतात, त्यामुळे मिसळीचा फोटो जमला की बाकी मेनू सोपा जातो.

आमची मिसळ टेबलावर छान दिसते, पण फोटोत नुसती सपाट लाल येते. असं का होतं?

बहुतेक वेळा दोष पदार्थाचा किंवा फोनचा नसतो, उजेड चुकीच्या दिशेने येत असतो. हॉटेलात ट्यूब डोक्यावर असते, आणि फोनचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारून, म्हणजे समोरून उजेड टाकतो. दोन्ही वेळा सावल्या पदार्थाच्या खाली किंवा मागे दडतात. मटकीचा दाणा, शेवेची काडी, कांद्याचा तुकडा वेगवेगळे दिसतात ते त्यांच्या बारीक सावल्यांमुळे. सावल्या गेल्या की सगळं एकाच पातळीवर आल्यासारखं वाटतं. समोर बसलेलं गिऱ्हाईक दोन डोळ्यांनी बघतं, डोकं हलवतं, त्याला वासही येतो. फोटोला यातलं काहीच मिळत नाही.

तर्रीचं गणित आणखी वेगळं आहे. तिच्यावर तेलाचा थर असतो आणि तो समोरून आलेला उजेड सरळ लेन्सकडे परत पाठवतो. म्हणून फ्लॅशमध्ये तर्रीवर पांढरे कडक ठिपके उमटतात. तोच उजेड बाजूने किंवा किंचित मागून आला, तर तेलावर रुंद, मऊ चमक येते आणि खालचा लाल रंग खोल दिसतो.

हे स्वतः तपासून बघा. खिडकीजवळच्या टेबलावर मिसळ ठेवा, फोनचा कॅमेरा चालू ठेवून टेबलाभोवती सावकाश एक फेरी मारा आणि फोटो न काढता फक्त स्क्रीन बघा. खिडकी तुमच्या पाठीमागे असताना मिसळ निर्जीव दिसेल. खिडकी डाव्या-उजव्या हाताला किंवा डिशच्या थोडी मागे आली की तर्री एकदम जिवंत होईल. ती जागा लक्षात ठेवा, तिथूनच फोटो काढायचा.

खिडकीपाशी टेबल नेमकं कसं लावायचं?

टेबल खिडकीला लागून नको, दीड-दोन फुटांवर ठेवा. अगदी चिकटून ठेवलं तर डिशची खिडकीकडची बाजू पांढरी पडते आणि दुसरी बाजू काळवंडते, कारण इतक्या जवळ उजेड फुटाफुटाला झपाट्याने कमी होतो. फार लांब, आठ-दहा फुटांवर नेलं तर उजेड अपुरा पडतो आणि फोटो दाणेदार, खरखरीत येतो.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ते गाळून घ्यायचं. पांढरा सुती पंचा, जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा किंवा बेकरीतला बटर पेपर खिडकीवर ताणून लावला तरी पुरे. रंगीत किंवा नक्षीचा पडदा मात्र नको, कारण त्याचा रंग पदार्थावर उतरतो. उत्तरेकडची खिडकी असेल तर बहुतेक वर्ष हा प्रश्नच येत नाही. फक्त मे-जूनमध्ये महाराष्ट्रात सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीतूनही तिरपं ऊन शिरतं.

आता खिडकीच्या समोरची बाजू. तिथे थर्माकोलचा दोन फुटी पांढरा तुकडा उभा करा. खिडकीचा उजेड त्याच्यावर आपटून डिशच्या सावलीच्या बाजूला परत येतो. तुकडा जवळ आणला की सावली फिकी होते, लांब नेला की गडद होते. इथे एक सवय टाळा: सावली पूर्ण घालवायच्या नादात तुकडा डिशला चिकटवू नका. मिसळ, थालीपीठ, भजी यांना सावली हवीच असते. बासुंदी, दहीवडा, आइस्क्रीम अशा नाजूक पदार्थांना फिकी सावली शोभते. पांढऱ्याऐवजी काळा कार्डशीट उभा केला तर सावली आणखी गडद होते, आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्याला ते फार खुलतं.

फोटो काढताना दुकानातले दिवे बंद करायलाच हवेत का?

हो, निदान त्या टेबलाभोवतीचे तरी. दिवसाचा उजेड एका रंगाचा असतो, पांढरी ट्यूब त्याहून निळसर असते आणि शोभेचे पिवळे बल्ब चांगलेच नारिंगी असतात. ट्यूबच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं आणि पिवळ्या बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० के, इतका त्यांच्या रंगात फरक आहे. डोळा हे जुळवून घेतो. फोन मात्र पूर्ण फोटोला एकच दुरुस्ती लावू शकतो. पिवळेपणा काढायला गेलं की खिडकीकडची बाजू निळी पडते, निळेपणा काढायला गेलं की उरलेला भाग पिवळाच राहतो. असा फोटो नंतर कोणत्याही अॅपमध्ये पूर्ण सुधारत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पांढऱ्या डिशच्या एका कडेला निळसर आणि दुसऱ्या कडेला पिवळट छटा दिसते.

भिंतीही रंग टाकतात. हिरवा किंवा गुलाबी ऑइलपेंट दिलेल्या भिंतीला लागून टेबल असेल तर तो रंग दह्यावर, भातावर, पावाच्या पांढऱ्या भागावर उतरतो. भिंतीच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की ते थांबतं. तुमचा शर्टही तपासा. फोटो काढणाऱ्याने भडक लाल किंवा पोपटी शर्ट घालू नये.

आमचा गाळा आहे, खिडकीच नाही. मग काय करायचं?

गाळ्याचं शटर हीच तुमची खिडकी, आणि बहुतेक घरांच्या खिडकीपेक्षा ती मोठी असते. शटर पूर्ण उघडा, आतले दिवे बंद करा आणि दारापासून चार-पाच फूट आत टेबल लावा. शटरचा उजेड डिशच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने येईल असे उभे राहा, पाठ रस्त्याकडे नको. समोर प्लास्टिकची रंगीत ताडपत्री असेल तर ती गुंडाळून घ्या. निळ्या ताडपत्रीखालचा प्रत्येक पदार्थ आजारी दिसतो.

दुकान संध्याकाळीच चालत असेल आणि दिव्यातच फोटो काढायचे असतील, तर एकच दिवा घ्या आणि बाकीचे बंद करा. एलईडी दिवा घेताना खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. तो ९० किंवा त्याहून जास्त हवा. स्वस्त दिव्यांच्या उजेडात गडद लाल रंगाचा भाग कमी असतो, म्हणून त्यांच्याखाली तर्री आणि टोमॅटो तपकिरी दिसतात. तो लाल नंतर परत आणता येत नाही. दिवा डिशच्या बाजूला, थोडा मागे आणि डिशच्या वर हात-दीड हात उंचीवर ठेवा. दिवा आणि डिश यांच्यामध्ये लाकडी चौकटीवर ताणलेला बटर पेपर धरा. कागद दिव्याला चिकटू देऊ नका, निदान फूटभर अंतर ठेवा. त्याने उजेड पूर्ण कागदभर पसरतो आणि आग लागायचा धोकाही राहत नाही. कागद जितका मोठा आणि डिशला जितका जवळ, तितकी सावली मऊ.

दिव्याखाली व्हिडिओ काढताना स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिव्याचा लुकलुकाट आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोनच्या प्रो मोडमध्ये कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे बहुतेक जातात. तरीही राहिले तर दिवाच बदलावा लागतो.

मिसळीची डिश फोटोसाठी कशी लावायची? टप्प्याटप्प्याने सांगा.

आधी उजेड आणि फोन तयार करा, मिसळ नंतर आणा. रोजची रिकामी डिश, एक पाव आणि कांद्याची वाटी टेबलावर ठेवून जागा, कोन आणि उजेड ठरवून घ्या. डिशच्या कडेला टेबलावर चिकटपट्टीच्या दोन खुणा करा. फोन स्टँडला लावलेला असेल तर फारच चांगलं. खरी मिसळ आली की ती फक्त खुणेवर ठेवायची. हा क्रम पाळला नाही तर तुम्ही स्टँड हलवत असता आणि तिकडे फरसाण भिजत असतं.

डिश सहा-सात इंचाची, खोलगट आणि शक्यतो बिनचमकीची घ्या. मोठ्या पसरट डिशमध्ये तीच मिसळ कमी वाटते आणि तर्री पसरून पातळ दिसते. तळाला तुम्ही रोज जे घालता ते घाला, बटाट्याची भाजी असेल तर भाजी, पोहे असतील तर पोहे. फक्त ते मध्यभागी ढिगासारखं रचा, कारण त्याच्यावरच पुढची उंची उभी राहते. मटकीची उसळ झाऱ्याने निथळून त्या ढिगावर ठेवा. रश्श्यासकट ओतली तर मटकी बुडते आणि मोड दिसतच नाहीत. फोटोतल्या मिसळीत मोड दिसायलाच हवेत.

तर्री वेगळ्या छोट्या पातेल्यात कडकडीत गरम करा. गरम असताना तेल वर येऊन चमकतं, थंड झाली की त्याच्यावर मंद साय धरल्यासारखी दिसते. पळीने ती ढिगावर ओतू नका, डिशच्या कडेने सोडा, म्हणजे मटकीभोवती लाल तळं तयार होईल आणि मटकीचा माथा कोरडा राहील. उरलेला रस्सा शेजारी वाटीत ठेवा. पुण्यात त्याला सॅम्पल म्हणतात, कोल्हापुरात कट. ती वाटी फोटोत असली की हा पदार्थ पुन्हा पुन्हा रस्सा घेऊन खायचा आहे, हे न लिहिता कळतं.

फरसाण सगळ्यात शेवटी. रोज आपण मूठभर फरसाण पूर्ण डिशवर पसरतो, आणि फोटोत त्याने सगळं पिवळं होतं. फोटोसाठी तेच फरसाण ढिगाच्या एका बाजूला, खिडकीच्या विरुद्ध दिशेला ठेवा, म्हणजे दुसऱ्या बाजूने मटकी उघडी दिसते. जाड शेव आणि पापडीचे दोन-चार मोठे तुकडे वर राहू द्या, चुरा खाली जाऊ द्या. कांदा बारीक चिरून गार पाण्यातून काढा आणि फडक्यावर कोरडा करा. नाहीतर त्याला पाणी सुटतं आणि तर्रीवर पांढरट ओघळ येतात. कोथिंबीर चिरू नका, कारण चिरलेल्या कडा लवकर काळ्या पडतात. गार पाण्यात ठेवलेली चार-पाच अख्खी पानं झटकून वर ठेवा. लिंबाची फोड फोटोच्या अगदी आधी कापा.

पाव जोडीने ठेवा, आणि लादीतून ओढून वेगळा केलेला धागेदार पांढरा भाग कॅमेऱ्याकडे करा. कापलेला पाव सपाट दिसतो, ओढलेला ताजा दिसतो. शेवटी डिशची कड पुसा. तर्रीचे डाग कोरड्या टिश्यूने पसरतात, म्हणून गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं वापरा.

यानंतर तुमच्याकडे साधारण दोन-तीन मिनिटं आहेत. फरसाण भिजायला लागलं की ते खालून दिसतं: शेवेचा पिवळा रंग गडद होतो आणि लाली वर चढते. तेवढ्यात फोटो झाला नसेल तर वरचं भिजलेलं फरसाण चमच्याने काढा, नवं घाला आणि तर्रीची एक गरम पळी कडेने सोडा. अख्खी डिश पुन्हा लावायची गरज नाही. म्हणून फरसाण आणि गरम तर्री टेबलाशेजारी तयार ठेवायची.

स्टीलच्या डिशमध्ये ट्यूब, फोन आणि माझा चेहरा दिसतो. काय करू?

स्टीलमध्ये समोर जे असेल तेच दिसणार, त्याला उपाय समोरची गोष्ट बदलणं. स्टीलची कड ज्या दिशेचं प्रतिबिंब दाखवतेय त्या दिशेला पांढरा थर्माकोल किंवा चादर धरा. मग कडेवर ट्यूबच्या रेषेऐवजी स्वच्छ पांढरा पट्टा येतो आणि स्टील चकचकीत पण शांत दिसतं. फोन थोडा वर-खाली करून बघा, दहा-पंधरा अंशांनीही प्रतिबिंब बदलतं. नवं स्टील घेत असाल तर मॅट फिनिशचं घ्या. स्टील टाळून चिनी मातीच्या डिशमध्ये मिसळ दाखवा असा सल्ला मी देणार नाही. तुम्ही स्टीलमध्ये वाढत असाल तर फोटोतही स्टील असू द्या, गिऱ्हाइकाला ते ओळखीचं वाटतं.

डिशखाली काय ठेवायचं, याचंही उत्तर दुकानातच असतं. पॉलिश न केलेली काळी कडप्पा किंवा राखाडी शहाबादी फरशीचा दोन फुटी तुकडा फरशीवाल्याकडे सहज मिळतो. लाल, पिवळे आणि हिरवे पदार्थ तिच्यावर उठून दिसतात. पॉलिश केलेला ग्रॅनाइट नको, त्याच्यात पुन्हा खिडकी दिसते. सनमायकाचं नकली लाकूड फोटोत लगेच कळतं.

कोणत्या कोनातून फोटो काढावा?

पदार्थाची चांगली बाजू कुठे आहे ते बघायचं. मिसळ, पोहे, साबुदाणा खिचडी, उपमा यांना आतला माल आणि उंची दोन्ही असतं, म्हणून बसलेल्या माणसाच्या नजरेइतका, साधारण ४५ अंशांचा कोन बरोबर बसतो. थाळी, डोसा, पिझ्झा, थालीपीठ यांचा फोटो थेट वरून काढा. वरून काढताना फोन टेबलाला अगदी समांतर हवा, नाहीतर गोल ताट अंड्यासारखं लांबट येतं. वडापाव, सँडविच, बर्गर, केकचा तुकडा यांचा माल कापलेल्या बाजूला असतो, तर फोन टेबलाच्या पातळीला आणा. बटाटेवडा अर्धा तोडून आतली पिवळी भाजी आणि मोहरी दाखवा, अख्खा वडा नुसता तपकिरी गोळा दिसतो.

फोनमध्ये कोणत्या सेटिंग ठेवायच्या?

पहिलं काम लेन्स पुसणं. स्वयंपाकघरात फिरलेल्या फोनवर तेलाचा पातळ थर बसतो, आणि त्यामुळे खिडकीच्या बाजूला धुकं आल्यासारखं दिसतं.

वाइड लेन्स वापरू नका. फोन जवळ नेऊन काढलं की डिशचा पुढचा भाग फुगतो आणि मागची वाटी छोटी दिसते. एक पाऊल मागे या आणि २x ठेवा. पोर्ट्रेट मोडही टाळा: तो पार्श्वभूमी धूसर करताना शेवेच्या काड्या, कोथिंबिरीच्या कडा आणि ग्लासचा काठ खातो.

स्क्रीनवर मटकीच्या माथ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे बांधले जातात. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा, इतका की तर्रीवरच्या चमकेत अजून लाल दिसतोय. चमक पूर्ण पांढरी झाली तर तिथे रंगाची माहितीच उरत नाही. किंचित काळोखा फोटो नंतर उजळता येतो, पांढरा झालेला परत लाल होत नाही.

इडली, दहीवडा, ताक, साबुदाणा खिचडी यांना मात्र उलट करावं लागतं. फोन पांढऱ्या पदार्थाला राखाडी करतो, कारण त्याला वाटतं फार उजेड आहे. तिथे बोट वर ओढा. काळ्या डिशमध्ये किंवा काळ्या रश्श्यात फोन उगाच उजेड वाढवतो, तिथे पुन्हा खाली.

वाफ फोटोत कशी आणायची?

वाफ दिसते ती मागून उजेड आणि मागे गडद रंग असेल तेव्हा. पांढऱ्या भिंतीसमोर कितीही वाफ असली तरी ती हरवते. डिशच्या मागे काळा कार्डशीट किंवा गडद लाकूड ठेवा, खिडकी मागच्या बाजूने तिरपी घ्या आणि पंखा बंद करा. एसी असेल तर गार हवेत वाफ जास्त दिसते, पण त्याचा झोत डिशवर येऊ देऊ नका. मिसळीत वाफ खरी आणायची असेल तर शेवटची तर्रीची पळी उकळती असावी, आणि एकामागून एक सलग बरेच फोटो काढावेत, कारण वाफेचा चांगला आकार क्षणभरच टिकतो. नकली वाफ अॅपमधून टाकलेली लगेच ओळखू येते, कारण ती पावावरूनही निघते.

चहा, कॉफी आणि थंड पेयांचं काय?

कटिंगच्या ग्लासात उजेड मागून आला की चहाचा रंग आतून उजळतो, समोरून आला तर नुसता तपकिरी दिसतो. चहा ओतल्यावर मिनिटभरात वर साय धरते. म्हणून उंचावरून ओतून फेस आणा आणि लगेच फोटो काढा. ग्लास काठापर्यंत भरा, अर्धा सेंटिमीटर खाली आला तरी फोटोत कंजूषपणा दिसतो. फेसाळ कॉफीचे बुडबुडेही लवकर फुटतात, त्यामुळे कप येण्याआधी सगळं तयार हवं.

कोल्ड कॉफी, सोलकढी, कोकम सरबत यांच्या ग्लासावर दमट हवेत पाण्याचे ओघळ येतात. ग्लास आधी कोरडा पुसा आणि मग स्प्रेने बारीक थेंब मारा, म्हणजे थेंब सारखे दिसतात. सोलकढीचा गुलाबी रंग निळसर उजेडात जांभळट होतो, तिच्यासाठी दिवसाचाच उजेड ठेवा.

फोटो एडिट किती करायचा?

स्नॅपसीडसारख्या मोफत अॅपमध्ये चार गोष्टी पुरतात. आधी पांढरेपणा दुरुस्त करा: पांढरी डिश किंवा पावाचा आतला भाग पांढरा दिसेपर्यंत. मग सावल्या थोड्या उघडा, चमक थोडी खाली आणा, आणि शेवटी फोटो कापून सरळ करा. रंगांची तीव्रता वाढवायचा मोह मिसळीत फार होतो. तो टाळा, कारण तर्री चटकन नारिंगी-लाल दिसायला लागते आणि सगळ्यात आधी बोटांची त्वचा आणि पाव बिघडतात. पाव गुलाबी दिसायला लागला की तुम्ही पुढे गेलात. फिल्टर तर वापरूच नका, कारण मेनूतले पंचवीस फोटो एका दुकानातले वाटायला हवेत.

जाहिरातीत वापरतात तशा युक्त्या केल्या तर चालतील का?

कोथिंबीर गार पाण्यात ठेवणं, उसळ निथळून रचणं, कड पुसणं यात काही वावगं नाही, कारण गिऱ्हाइकाला तोच पदार्थ मिळतो. पण डिशच्या तळाशी उलटी वाटी ठेवून मिसळ दुप्पट दाखवणं किंवा चार काजू दाखवून एक देणं वेगळं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि पदार्थाचं प्रमाण किंवा दर्जा यांबद्दल चुकीचा समज देणं तिच्यात येतं. कायदा बाजूला ठेवला तरी ऑनलाइन ऑर्डरच्या डब्यासोबत गिऱ्हाईक तुमचा फोटो जुळवून बघतंच. रोजच्या वाढणीएवढाच माल वजन करून घ्या आणि त्याच मालाची डिश लावा. अशी शिस्त आचाऱ्यालाही समजायला सोपी पडते.

एकच फोटो छापील मेनू, इन्स्टाग्राम आणि स्टोरीसाठी वापरता येतो का?

येतो, पण डिशभोवती जागा सोडून काढला असेल तर. इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी ४:५ चा उभा आणि स्टोरीसाठी ९:१६ चा आणखी उभा आकार लागतो, तर छापील मेनूत बहुतेक चौकोनी किंवा आडवा. डिश फ्रेमच्या मध्यभागी निम्म्या जागेत ठेवली की तिन्ही आकार कापता येतात.

छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. मेनूत फोटो चार इंच रुंद हवा असेल तर १२०० पिक्सेल पुरेत, साध्या फोनमध्येही त्याहून खूप जास्त असतात. अडचण होते ती पाठवताना: व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि छापखान्याकडून सगळ्या प्रतींआधी एक नमुना मागा. स्क्रीनवरचे भडक हिरवे आणि लाल छपाईच्या शाईत मंद होतात, कोथिंबीर शेवाळी आणि तर्री विटकरी येऊ शकते. नमुना दिवसाच्या उजेडात बघा, लॅमिनेशन केल्यावर बघा.

पूर्ण मेनूचे फोटो एका दिवसात कसे उरकायचे?

दुकानाचा सुट्टीचा दिवस घ्या आणि सकाळी साडेनऊ ते साडेबारा या वेळेत आटोपा. त्या वेळात उजेड पुरेसा असतो, संध्याकाळचा पिवळेपणा नसतो. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ चालतं, उजेड मऊ मिळतो, फक्त काळं आभाळ भरून आलं तर थांबा.

पदार्थ मेनूच्या क्रमाने नका काढू, कोनाच्या क्रमाने काढा. वरून काढायचे सगळे सलग, मग ४५ अंशांचे, मग समोरचे. प्रत्येक वेळी स्टँड हलवण्यात वेळ आणि सारखेपणा दोन्ही जातात. त्यातही टिकणारे आधी: बाकरवडी, केक, सँडविच. तळणीचे आणि मिसळीसारखे पदार्थ मधे, आचारी हाताशी असताना. फेसाचे आणि बर्फाचे शेवटी. एका माणसाने फक्त फोन सांभाळावा आणि दुसऱ्याने डिश, पुसायचं फडकं आणि गरम तर्री सांभाळावी. दहा-बारा पदार्थ एका सकाळी नीट होतात, उरलेले पुढच्या सुट्टीला घ्या. पुढच्या वेळी फोटो जुळावेत म्हणून टेबलावरच्या चिकटपट्टीच्या खुणा, थर्माकोलचं अंतर आणि फोनची उंची यांचा एक फोटो काढून ठेवा.